व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पंप सावकाश: कुलिंग टॉवरच्या पंपावर व्हीएफडी बसवताना ठेवलेल्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

जागा: वाळूज एमआयडीसीतला फोर्जिंगचा कारखाना. तीन इंडक्शन हीटर आहेत. त्यांच्या कॉइल आणि कपॅसिटरमधून डीएम, म्हणजे क्षार काढलेले, पाणी बंद चक्रात फिरते. ते पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता कुलिंग टॉवरच्या पाण्याला देते. माझा विषय या दुसऱ्या पाण्याचा, म्हणजे जमिनीवरच्या टाकीतून एक्स्चेंजरमार्गे शेडच्या छतावरच्या टॉवरपर्यंत पाणी चढवणाऱ्या पंपाचा.

पंपाच्या पाटीवर ताशी २०० घनमीटर, ४० मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढे उंच चढवण्याइतका दाब, आणि १४५० आरपीएम असे आकडे आहेत. मोटर ३७ किलोवॅटची, स्टार-डेल्टा स्टार्टरवर. डिलिव्हरीला आधी पाणी उलटे येऊ न देणारा एनआरव्ही, मग बटरफ्लाय व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचा दांडा निम्म्याहून जास्त बंद बाजूला फिरवलेला आणि त्या खाचेभोवती रंग चढलेला, म्हणजे तो बरीच वर्षे तिथेच आहे. पंपघरातल्या फिटर काकांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, पूर्ण उघडला की टॉवरच्या हेडरवरून पाणी बाहेर उडतं. उन्हाळ्यात थोडा उघडतो, बाकी हात लावत नाही."

व्हॉल्व्हच्या अलीकडच्या गेजवर ४.५ किलो, पलीकडच्या गेजवर २.२ किलो. या दोन आकड्यांमधला फरक हाच आपला प्रकल्प: व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि पंपाचा वेग व्हीएफडीने, म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेचे हर्ट्झ बदलणाऱ्या ड्राइव्हने, उतरवायचा. पंपाने तयार केलेल्या दाबापैकी निम्मा दाब एका चकतीवर खर्ची पडतो आहे.

७ फेब्रुवारी

पाइपला बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर भाड्याने आणला. सरळ पाइपची पुरेशी लांबी एक्स्चेंजरच्या आधीच मिळाली, तिथेच सेन्सर बसवले. दोन हीटर चालू असताना प्रवाह ताशी १४० घनमीटर. स्टार्टरच्या आधी पॉवर ॲनालायझर लावला, वाचन २५.८ किलोवॅट.

व्हॉल्व्हमध्ये किती जाते याचा हिशोब साधा आहे. ताशी १४० घनमीटर पाण्याचा दाब २.३ किलोने, म्हणजे २३ मीटरने उतरतो. ही पाण्यातली ८.८ किलोवॅट शक्ती झाली. पण ती पाण्यात येण्याआधी मोटर आणि पंप या दोघांचा तोटा सोसून आलेली असते. अर्धवट बंद व्हॉल्व्हवर पंपाची कार्यक्षमता ७२ टक्क्यांच्या आसपास, मोटरची साडेब्याण्णव. म्हणजे मीटरवर ही शक्ती सव्वातेरा किलोवॅटची पडते. पंप घेतो त्यातली निम्मी वीज व्हॉल्व्हसाठीच.

काकांनी एक रास्त प्रश्न विचारला: व्हॉल्व्ह दाबला की अँपिअर कमी होतात, मग वीज वाचतेच की? हो, सेंट्रिफ्यूगल पंपात प्रवाह घटला की लोड उतरतो. पण किती उतरतो ते बघायला हवे. त्याची चाचणी सुट्टीच्या दिवशी.

११ फेब्रुवारी

कारखाना बंद, हीटर थंड, त्यामुळे व्हॉल्व्हशी खेळायला मोकळीक मिळाली. टॉवरवर एक माणूस उभा केला आणि व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडला. प्रवाह २२३ घनमीटर, पंपाचे हेड ३७.६ मीटर, वीज ३२.३ किलोवॅट. हेडरवरून पाणी खरोखरच उडू लागले. वाचने उतरवून लगेच व्हॉल्व्ह मागे घेतला.

प्रवाह २२३ वरून १४० वर आणला, म्हणजे तो ३७ टक्क्यांनी घटला. वीज मात्र ३२.३ वरून २५.८ वर, फक्त २० टक्क्यांनी. व्हॉल्व्ह दाबला की पंप आपल्या वक्रावर मागे सरकतो. तिथे हेड वाढते आणि कार्यक्षमता घसरते, म्हणून पाणी कमी झाले तरी वीज तेवढी कमी होत नाही.

दुसरे मोजमाप याहून महत्त्वाचे होते. पंप बंद केला आणि व्हॉल्व्हपलीकडचा गेज वाचला. एनआरव्ही घट्ट धरत असेल तर टॉवरपर्यंत चढलेला पाण्याचा स्तंभ जागेवर राहतो आणि गेज त्याचीच उंची दाखवतो. वाचन १.२ किलो, म्हणजे १२ मीटर. टेपने टाकीच्या पाण्यापासून हेडरपर्यंतची उंची मोजली, तीही तेवढीच. हे स्थिर हेड. पंप कितीही सावकाश चालवा, ही उंची चढवावीच लागते. उरलेले २५.६ मीटर घर्षणाचे, आणि ते प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते.

यावरून पाइपलाइनचे आणि पंपाचे असे दोन्ही वक्र लिहिता येतात. Q ताशी घनमीटरमध्ये, H मीटरमध्ये, n म्हणजे पूर्ण वेगाच्या प्रमाणात वेग:

```
पाइपलाइन:  H = 12 + 0.000515 Q²
पंप:        H = 50 n² − 0.00025 Q²
```

पंपाचे समीकरण उत्पादकाच्या वक्रावरून बसवले. ते आपल्या दोन्ही वाचनांशी जुळते आहे, त्यामुळे पंप फारसा झिजलेला नाही असे धरतो.

१४ फेब्रुवारी

ड्राइव्ह विकणाऱ्यांचा प्रस्ताव आला. वर्षाला पावणेदोन लाख युनिट वाचतील असे म्हटले आहे. मॅनेजर साहेब खूश आहेत. मी हिशोब उलगडून पाहिला, तर त्यात दोन गोष्टी चुकीच्या आहेत. दोन्ही इतक्या सर्रास दिसतात की सविस्तर लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट तुलनेच्या आधाराची. त्यांनी बचत मोजायला सुरुवात केली ३२.३ किलोवॅटपासून, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाच्या विजेपासून. पण आपण तसा पंप चालवतच नाही. आज आपण २५.८ किलोवॅट भरतो. बचत आजच्या बिलातून व्हायची आहे, म्हणून तुलना व्हॉल्व्ह दाबलेल्या स्थितीशीच हवी.

दुसरी गोष्ट घनाच्या नियमाची. वेग निम्मा केला तर शक्ती एक-अष्टमांश, हे पुस्तकात बरोबर आहे. त्यांनी प्रवाहाचे गुणोत्तर १४० भागिले २२३, म्हणजे ०.६३ घेतले, त्याचा घन काढला आणि ड्राइव्हवर ८ किलोवॅट लागतील असे लिहिले. यात गृहीत असे आहे की प्रवाह वेगाच्या थेट प्रमाणात घटतो. स्थिर हेड नसेल तरच तसे होते. आपल्याकडे १२ मीटर चढ आहे, म्हणून प्रवाह ६३ टक्के करायचा तर वेग ६३ टक्क्यांपर्यंत उतरवता येत नाही.

आपल्या समीकरणांतून पाहू. १४० घनमीटरला पाइपलाइनला २२.१ मीटर हेड लागते. पंपाच्या समीकरणात ते घातले की n येतो ०.७३५, म्हणजे ५० पैकी ३६.७ हर्ट्झ. पाण्यातली शक्ती ८.४ किलोवॅट. या वेगावर पंप आपल्या उत्तम कार्यक्षमतेच्या जवळ असतो, ७७ ते ७८ टक्के. हा व्हीएफडीचा वेगळा फायदा आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो: व्हॉल्व्ह दाबला की पंप उत्तम बिंदूपासून दूर जातो, वेग उतरवला की तो बिंदूच पंपाबरोबर खाली येतो. कमी लोडवर मोटरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, ड्राइव्हची ९७. मीटरवर येतात १२.४ किलोवॅट.

म्हणजे बचत २५.८ वजा १२.४, बरोबर १३.४ किलोवॅट. प्रस्तावात ती २४ च्या पुढे दाखवली होती. व्हॉल्व्हमध्ये सव्वातेरा किलोवॅट जातात असे ७ तारखेला निघाले होते, त्याच्याशी हा आकडा जुळतो. हिशोब दोन वाटांनी करून एकाच जागी आला की मला समाधान वाटते.

वर्षाचे ७,२०० तास तीन भागांत वाटले. उन्हाळ्यात तिन्ही हीटर चालू असताना १७० घनमीटर लागतात, तिथे २७.७ ऐवजी १७.९ किलोवॅट, असे २,००० तास. दोन हीटरचे ३,६०० तास वरच्या हिशोबाने. रात्री एकच हीटर असतो, पण तेव्हाही व्हॉल्व्ह कोणी दाबत नाही, २५.८ किलोवॅट तसेच जातात. ड्राइव्हवर तिथे ८ च्या आसपास लागतील, असे १,६०० तास. एकूण साधारण ९६,००० युनिट. बिलात सगळे धरून युनिट ९ रुपयांना पडते, म्हणजे साडेआठ लाखांच्या थोडे वर. पॅनेल, केबल, सेन्सर धरून खर्च ३.६ लाख.

साहेबांना सांगितले की आकडा जवळजवळ निम्म्यावर आला, तरीही पाच-सहा महिन्यांत पैसे वसूल होतात. फुगवलेल्या आकड्याची गरजच नव्हती.

२० फेब्रुवारी

ऑडिटचे काम करणाऱ्या एका मित्राने विचारले, इम्पेलर का कापत नाही? प्रश्न योग्य आहे. प्रवाह वर्षभर एकच असता तर ड्राइव्हआधी मीही तोच विचार केला असता. लेथवर इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचा, व्यास कमी करून घेणे काही हजारांत होते, आणि ड्राइव्हचा तीन टक्के तोटाही वाचतो. पण इथे व्यास २६ टक्क्यांच्या आसपास कमी करावा लागेल. इतके कापले की पाते आणि कवच यांतली जागा वाढते, कार्यक्षमता पडते. उत्पादकाच्या किमान व्यासाखालीही जाऊ. शिवाय कापलेला इम्पेलर उन्हाळ्यात १७० घनमीटर देणार नाही. आपला प्रवाह पाळीगणिक बदलतो, म्हणून इथे ड्राइव्हच. सगळ्या पाळ्यांना एकच प्रवाह असलेल्या शेजारच्या क्वेंच टाकीच्या पंपाला मात्र इम्पेलर कापायचेच सुचवले आहे.

४ मार्च

मंजुरी मिळाली. ड्राइव्ह पंप-फॅन लोडसाठीचा, इनपुटला चोकसह मागवला.

१८ मार्च

बसवणी. पॅनेल पंपघराबाहेर, भिंतीच्या सावलीच्या बाजूला. मोटरपर्यंत केबल २० मीटरच्या आत ठेवली, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केले.

मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पॉवर फॅक्टरसाठी जुना कपॅसिटर थेट जोडलेला सापडला. तो आधी काढला. ड्राइव्हच्या आउटपुटवर कपॅसिटर राहिला तर ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होत राहतो किंवा त्याचे ट्रान्झिस्टर जातात. जुनी मोटर ड्राइव्हवर घेताना टर्मिनल बॉक्स उघडून पाहावाच. पॅनेलमध्ये दिसत नाही म्हणजे कपॅसिटर नाही, असे होत नाही.

जुना स्टार्टर बायपास म्हणून ठेवला, पण ड्राइव्हच्या आउटपुटवर लाइन कधीच येणार नाही असे इंटरलॉक घातले. बायपासवर गेल्यास व्हॉल्व्ह आधी जुन्या खुणेवर आणायचा, ही सूचना दारावर चिकटवली.

१९ मार्च

ड्राइव्हवाल्यांच्या इंजिनिअरने चालू करून दिला. पंपाच्या डिलिव्हरीवर प्रेशर ट्रान्समीटर आणि त्याच्या वाचनावरून वेग ठरवणारा पीआयडी, सेटपॉइंट ४.५ किलो. कारण विचारले तर म्हणाले, "गेजवर तेवढाच होता ना." ड्राइव्ह ४९ हर्ट्झच्या वर, व्हॉल्व्ह जुन्याच खुणेवर, वीज २६ किलोवॅटच्या पुढे. म्हणजे होती तेवढीच वीज, वर ड्राइव्हचा तोटा.

या स्थितीत ड्राइव्ह वर्षभर फिरला तरी एक युनिट वाचणार नाही, आणि पॅनेलवर दिवे मात्र सगळे हिरवे दिसतील. पंपाच्या तोंडावरचा दाब स्थिर धरायला सांगितले की पंपाला खाली यायला वावच उरत नाही. व्हॉल्व्हआधीचा ४.५ किलो दाब व्हॉल्व्हमुळेच होता. एक्स्चेंजर आणि टॉवरला त्यातले २.२ किलोच लागतात.

आपल्याला दाब नको आहे, हीटरच्या कॉइल गार राहायला हव्या आहेत. म्हणून सेन्सर बदलला. एक्स्चेंजरमधून हीटरकडे जाणाऱ्या डीएम पाण्याचे तापमान मोजणारा पीटी-१०० ड्राइव्हला जोडला, सेटपॉइंट ३६ अंश. पाणी त्याहून गरम झाले की पंप वेग वाढवतो. सेन्सर तुटला तर ड्राइव्ह आपोआप ५० हर्ट्झवर जावा असे सेटिंग केले. हीटरचा स्वतःचा ट्रिप ४५ अंशांवर आहेच. पाण्याचे तापमान सावकाश बदलते, म्हणून पीआयडीचा इंटिग्रल वेळ मिनिटांत ठेवला. आधी तो सेकंदांत होता आणि वेग सारखा वरखाली होत होता.

मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. दोन हीटर चालू, दुपारी वेग ३७ हर्ट्झच्या आसपास स्थिरावला. फ्लोमीटर १४१ घनमीटर, ॲनालायझर १२.६ किलोवॅट. पंपघरातला आवाज इतका उतरला की काका दोनदा हात लावून पंप फिरतोय ना ते पाहून गेले.

२२ मार्च

इलेक्ट्रिकल विभागात चर्चा सुरू झाली की ड्राइव्हने जेमतेम वीस टक्केच वाचवले. त्यांनी मोटरच्या केबलवर क्लॅम्प मीटर लावला होता. आधी ४३ अँपिअर, आता ३४.

दोन्ही वाचने आपापल्या जागी बरोबर, पण तुलना चुकीची. ड्राइव्हच्या आउटपुटवर ३७ हर्ट्झला व्होल्टेजही तीनशेच्या आसपास उतरलेले असते, ४१५ नसते. शिवाय त्या प्रवाहात मोटरला चुंबकित ठेवणारा मोठा भाग असतो, तो ड्राइव्हच्या डीसी कपॅसिटरमधूनच पुरवला जातो, लाइनवर येत नाही. साधे क्लॅम्प मीटर त्या तुटक लहरींवर चुकूही शकते. त्यांच्यासमोर ड्राइव्हच्या इनपुटवर क्लॅम्प लावला: १९ अँपिअर. शेवटी निकाल किलोवॅटवरच करायचा. कायमचा एनर्जी मीटर ड्राइव्हच्या इनपुटला बसवून घेतला, म्हणजे हा वाद पुन्हा नको.

३ एप्रिल

किमान वेग किती ठेवायचा, हे आज ठरवले. पहाटे हीटर बंद असताना वेग हाताने उतरवत गेलो.

३० हर्ट्झला प्रवाह ९० च्या जवळ. २८ ला ७०. २६ ला ४५, आणि तोही डळमळता. २४ हर्ट्झला प्रवाह शून्य: एनआरव्ही बंद झाला, पंप मात्र फिरतच होता. काही मिनिटांत कवच कोमट लागू लागले. समीकरण हेच सांगते. पंपाचे शून्य प्रवाहाचे हेड १२ मीटरवर येते तो वेग २४.५ हर्ट्झ. त्याखाली पंप पाणी वर पाठवू शकत नाही, आतल्या आतच घुसळतो. ड्राइव्हच्या पडद्यावर मोटर चालू दिसते, वीज अगदी कमी दिसते, आणि हीटरकडे गारवा शून्य. स्थिर हेड असलेल्या पंपावर हा धोका कायम असतो, आणि तो ओळखायची खूण म्हणजे प्रवाह. हर्ट्झ बघून तो कळत नाही.

त्या जागेच्या जवळ हर्ट्झमागे प्रवाह फार झपाट्याने पडतो, म्हणून अंतर राखायला हवे. दुसरे बंधन टॉवरचे. ७० घनमीटरला हेडरच्या टोकाकडच्या नोझलमधून पाणी नीट पडत नव्हते, फिलवर, म्हणजे टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या थरांवर, कोरडे पट्टे दिसत होते. आपले पाणी कठीण आहे, कोरड्या पट्ट्यांवर क्षार बसायला वेळ लागणार नाही. म्हणून किमान ३२ हर्ट्झ ठेवले. तिथे १०५ घनमीटर मिळतात आणि वीज ८.१ किलोवॅट. ३० हर्ट्झवर आणखी दीडेक किलोवॅट वाचले असते, पण त्यासाठी फिल खराब करून घेणे मला मान्य नाही.

प्लेट एक्स्चेंजरमध्येही वेग कमी झाला की गाळ बसतो. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे ४५ हर्ट्झवर चालवून धुऊन काढायचे, हे पाळीच्या तक्त्यात घातले. ५० वर नेले तर हेडरवरून पाणी उडते.

१७ मे

कडक उन्हाळा. तिन्ही हीटर चालू, टॉवरचे पाणीच २९ अंशांचे. ड्राइव्ह दुपारी ४१ ते ४३ हर्ट्झ, वीज १८ ते २०. बचत इथे सर्वात कमी असणार हे अपेक्षित होते. वेग जसा ५० कडे जातो तशी व्हॉल्व्ह आणि ड्राइव्ह यांतली दरी मिटत जाते, आणि ५० वर तर ड्राइव्ह स्वतःच्या तोट्याइतका महाग पडतो. ज्या पंपाला वर्षभर पूर्ण प्रवाह लागतो, त्यावर व्हीएफडी बसवू नये.

९ जुलै

एप्रिल ते जून मीटरवर २७,३०० युनिट. याच तासांना फेब्रुवारीच्या वाचनांनी व्हॉल्व्हवर सुमारे ४८,४०० झाले असते. फरक २१,१०० युनिट, पैशांत १ लाख ९० हजार. मीटरचा आकडा माझ्या हिशोबापेक्षा हजारभर युनिट जास्त आला. काही युनिट आठवड्याच्या धुण्यात गेले, आणि बाकीच्यांचे कारण जूनच्या आलेखात सापडले: तीन दिवस वेग विनाकारण ४४ वर होता. पंपघरात गेलो तर व्हॉल्व्ह जुन्या खुणेवर. बायपासच्या चाचणीनंतर कोणीतरी तो परत उघडलाच नव्हता, आणि ड्राइव्हने तापमान सांभाळायला वेग वाढवून ती चूक झाकली. आता व्हॉल्व्हला लिमिट स्विच लावतो आहे. ड्राइव्ह चालू आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाही, अशी स्थिती आली की अलार्म वाजेल.

पावसाळ्यात आणखी एक फायदा दिसला. पूर्वी या दिवसांत डीएम पाणी गरजेपेक्षा गार व्हायचे आणि हीटरच्या कॅबिनेटमध्ये बसबारवर दव धरायचे. आता पाणी ३५-३६ अंशांवर राहते, हवेच्या दवबिंदूच्या बरेच वर, आणि कॅबिनेट कोरडे आहे.

साहेबांनी विचारले, टॉवरच्या ७.५ किलोवॅटच्या फॅनलाही ड्राइव्ह लावूया का? फॅनला चढवायला उंची नसते, हवा बाहेरून घेऊन बाहेरच सोडायची. म्हणून घनाचा नियम तिथे जवळजवळ पूर्ण लागू पडतो: वेग ८० टक्के, शक्ती ५१ टक्के. पण आज तो फॅन थर्मोस्टॅटवर चालू-बंद होतो, सतत फिरत नाही. त्यामुळे तुलना पुन्हा आजच्या खऱ्या विजेशीच करावी लागेल. फॅनच्या स्टार्टरला तास मोजणारा मीटर लावला आहे. पावसाळा संपेपर्यंतचे तास हातात आले की प्रस्ताव मांडेन.